एकसमान वेगाची गाडी, सरळ वर फेकलेला चेंडू आणि सात सेंटिमीटरचा फरक

हे प्रकरण अकरावीच्या पाच विद्यार्थ्यांनी रेल्वेच्या प्रवासात केलेल्या एका प्रयोगाचं आहे. त्यांची शिक्षिका म्हणून मी त्या डब्यात होते. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं, गाडी आणि मार्ग वगळले आहेत. मुलांचा उल्लेख त्यांनी केलेल्या कामावरून केला आहे: फेकणारा, नोंदी ठेवणारी, व्हिडिओ काढणारा, ओळंबा धरणारी आणि पाचवा, ज्याला सुरुवातीपासून शंका होती.

पार्श्वभूमी

प्रवासाच्या आदल्या आठवड्यात वर्गात जडत्वाचा धडा झाला होता. ‘एकसमान वेगाने जाणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाने चेंडू सरळ वर फेकला तर तो कुठे पडेल?’ या प्रश्नाचं उत्तर पाचही जणांनी बरोबर लिहिलं होतं: फेकणाऱ्याच्या हातात. कारणही बरोबर होतं. हातातून सुटण्याआधीच चेंडूला गाडीइतका आडवा वेग असतो. हात त्याला फक्त वरच्या दिशेचा वेग देतो. सुटल्यावर त्याच्यावर आडव्या दिशेने कोणतंच बल लागत नाही, म्हणून तो आडवा वेग बदलत नाही. चेंडू वर-खाली होत असताना गाडीबरोबर पुढेही जात राहतो.

पण उत्तर लिहिणं आणि ते पटणं यात अंतर असतं. पाचव्याने तासानंतर मला गाठून विचारलं, “मॅडम, हातात होता तोवर ठीक आहे. पण सुटल्यावर त्याला पुढे कोण नेतं? गाडीचा तर त्याला स्पर्शही नसतो.” मी म्हटलं, कुणी नेण्याची गरजच नाही. हालणारी वस्तू हालत राहते. तिला थांबवायला किंवा वळवायला बल लागतं. त्याने मान डोलावली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं.

त्याची शंका खूप जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी पृथ्वी फिरते या मताविरुद्ध असाच मुद्दा मांडला होता: पृथ्वी फिरत असती, तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे परत येऊ शकले नसते. घरटं पुढे निघून गेलं असतं. जमिनीचा स्पर्श सुटला की तिचा वेगही सुटतो, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. सुटल्यावर चेंडूला पुढे कोण नेतं, असं विचारणाऱ्या मुलानेही तेच गृहीत धरलं होतं. १६४० साली फ्रेंच तत्त्वज्ञ पिएर गॅसेंडी यांनी मार्सेय इथे चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड खाली सोडून पाहिले. ते काठीच्या पायथ्याशीच पडले. म्हणजे हा प्रश्न वादाने सुटला नाही, करून पाहिल्यावर सुटला. प्रवासात आपणही करून पाहू असं ठरलं आणि एक टेनिसचा चेंडू सामानात गेला.

पहिला प्रयत्न

डबा बंद खिडक्यांचा होता, समोरासमोर बाक असलेला. गाडी शहराबाहेर पडून सरळ मार्गाला लागली आणि फोनवर वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावला, तेव्हा सहप्रवाशांना विचारून फेकणाऱ्याने चेंडू वर उडवला. तो हातात आला. पुन्हा उडवला, पुन्हा हातात आला. असं सात-आठ वेळा झालं. “झालं सिद्ध,” तो म्हणाला.

नोंदी ठेवणारीने तेवढ्यात हरकत घेतली. “तू हात हलवलास.”

तिचं निरीक्षण अचूक होतं. चेंडू झेलताना आपण हात एका जागी ठेवतच नाही. डोळे चेंडूचा माग घेतात आणि हात आपोआप त्याच्याखाली जातो. चेंडू दहा सेंटिमीटर पुढे पडत असता, तरी तो हातातच आला असता आणि फेकणाऱ्याला काही जाणवलंही नसतं. गाडीत चेंडू झेलून ‘बघा, हातातच आला’ म्हणणं हा पुरावा नव्हे. झेलण्याच्या कौशल्यामुळे मोजायची गोष्टच पुसली जाते. या प्रकरणातला हा पहिला निर्णयाचा क्षण होता. तिने तो हेरला, मी नाही. मी तर समाधानाने मान डोलावत बसले होते.

झेलायचं नाही असं ठरलं. दोन बाकांच्या मध्ये दोन सुटकेस एकावर एक आडव्या ठेवल्या, वर वर्तमानपत्र चिकटवलं आणि त्यावर एक फुली काढली. चेंडू पाण्यात किंचित ओला करायचा. तळहात फुलीच्या बरोबर वर धरून चेंडू उडवायचा आणि हात बाजूला घ्यायचा. चेंडू कागदावर आपटला की ओला गोल ठसा उमटतो. उसळी घेऊन तो पुढे कुठे जातो याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. पहिला ठसाच धरायचा आणि सुकण्याआधी पेनाने त्याला क्रमांक द्यायचा. व्हिडिओवरून उड्डाणाचा वेळ मोजला. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या फोनमध्ये सुटण्यापासून आपटण्यापर्यंत सुमारे २४ चित्रं यायची, म्हणजे ०.८ सेकंद. चेंडू सुमारे ८० सेंटिमीटर वर जात होता.

या ०.८ सेकंदात काय पणाला लागलेलं असतं हे आधी पाहू. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चेंडू हवेत असतो तेवढ्यात गाडी २० मीटर पुढे जाते, जवळजवळ एका डब्याइतकं. सुटल्यावर चेंडूचा आडवा वेग खरोखर नाहीसा होत असता, तर चेंडू कागदाच्या काठावर पडण्याचा प्रश्नच नव्हता. तो ताशी ९० किलोमीटरने डब्याच्या मागच्या टोकाकडे सुटला असता. रुळांशेजारी उभ्या असलेल्या माणसाला तोच चेंडू वीस मीटर लांब आणि जेमतेम पाऊण मीटर उंच अशा चपट्या कमानीतून जाताना दिसतो. डब्यातल्याला तो सरळ वर-खाली दिसतो. दोघांचंही दिसणं खरं आहे.

समस्या

फेकणारा इंजिनाकडे तोंड करून बसला होता. दहा फेकी झाल्या. ठसे फुलीभोवती विखुरलेले होते, पण सारखे नव्हते. दहापैकी नऊ फुलीच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला होते. सरासरी काढली: ७ सेंटिमीटर पुढे.

डब्यात शांतता पसरली. पाचवा म्हणाला, “मग हातात पडतो हे पूर्ण खरं नाही.” पण लगेच तोच गोंधळला, कारण त्याच्या शंकेप्रमाणे चेंडू मागे राहायला हवा होता. हा तर पुढे गेला होता. फेकणाऱ्याला वाटलं, गाडीचा वेग चेंडूला ‘जास्तीचा’ लागला असेल. नोंदी ठेवणारीने वही मिटली आणि माझ्याकडे पाहिलं.

मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की माझ्या ओठांवर ‘हाताची चूक असेल’ हे वाक्य आलं होतं. ते पुढे खरंही ठरलं. पण त्या क्षणी माझ्याकडे त्याला आधार काय होता? फक्त पुस्तकातलं उत्तर. मुलांनी दहा ठसे मोजले होते आणि मी एकही ठसा न पाहता निकाल देणार होते. वीस मीटर मागे पडायला हवा होता तो सात सेंटिमीटर पुढे पडला, म्हणजे मुख्य प्रश्न सुटलाच, असंही म्हणता आलं असतं. पण ठसे दोन्ही बाजूंना सारखे विखुरलेले नव्हते, एका बाजूला झुकलेले होते. एकाच बाजूला झुकणाऱ्या फरकाला कारण असतं.

समोर असलेले पर्याय

आम्ही शक्य कारणं वहीत लिहिली. पहिलं: गाडीचा वेग खरोखर एकसमान नाही. गाडी हळूहळू मंदावत असेल, तर चेंडू सुटतानाचा वेग घेऊन पुढे जातो, खालचा कागद मात्र मागे पडत जातो, म्हणून ठसा पुढे उमटतो. दुसरं: डब्यातली हवा चेंडूला ढकलते. तिसरं: हात चेंडूला नकळत थोडा पुढे लोटतो.

फेकण्याचं यंत्र बनवायचं, म्हणजे स्प्रिंग आणि नळी, अशी सूचना व्हिडिओ काढणाऱ्याने केली. ती चांगली होती, पण जवळ साहित्य नव्हतं. शिवाय नळीही जरा तिरकी लागली तर तीच चूक करणार. आणखी पन्नास फेकी घ्याव्यात, असं फेकणाऱ्याचं म्हणणं. ते मी नाकारलं, कारण सरासरी जास्त फेकींनी स्थिर होते, बरोबर होत नाही. हात दर वेळी सहा सेंटिमीटर पुढे लोटत असेल, तर पन्नास फेकींनंतरही तो सहा सेंटिमीटरच दाखवेल, फक्त अधिक खात्रीने.

हवेचा पर्याय लवकर बाजूला पडला. खिडक्या बंद होत्या, त्यामुळे डब्यातली हवा गाडीबरोबरच जात होती, आणि चेंडूच्या जागी धरलेला टिश्यू कागदाचा पट्टा जवळजवळ सरळ लोंबत होता. उघड्या मालडब्यात गोष्ट अगदी वेगळी झाली असती. तिथे समोरून सेकंदाला २५ मीटरचा वारा येतो. टेनिसच्या चेंडूचं वजन ५८ ग्रॅमच्या आसपास, व्यास ६.७ सेंटिमीटर, इतक्या वाऱ्यात हवेचा रेटा त्याच्या वजनापेक्षाही किंचित जास्त भरतो आणि त्याच ०.८ सेकंदात चेंडू सुमारे तीन मीटर मागे जातो. गाडीच्या टपावरून फेकलेला चेंडू मागे पडतो हे खरं आहे, पण तो जडत्व संपल्यामुळे नव्हे, वाऱ्यामुळे. अनेकांच्या मनातला गोंधळ या दोन गोष्टी एकत्र झाल्याने होतो.

उरले दोन पर्याय: गाडी आणि हात.

गाडीची तपासणी

गाडी दोषी असेल तर किती दोषी असायला हवी, हे आधी काढलं. त्वरण आणि वेळेचा वर्ग यांच्या गुणाकाराचा निम्मा म्हणजे सरकलेलं अंतर. ०.८ सेकंदात ७ सेंटिमीटर सरकायला गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे ०.२२ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत असायला हवा. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण एका मिनिटात त्याचे सेकंदाला तेरा मीटर होतात, म्हणजे ताशी सत्तेचाळीस किलोमीटर. दहा फेकींना पाच मिनिटं लागली होती. तेवढ्यात गाडी केव्हाच थांबली असती. फोनवर मात्र वेग पूर्ण वेळ ८८ ते ९१ च्या दरम्यान होता.

फोनवरचा वेग उपग्रहांवरून येतो आणि तो जरा उशिरा बदलतो, म्हणून दुसरी साक्ष हवी होती. ओळंबा धरणारीने वरच्या बाकाच्या कडीला एक मीटर दोरा बांधला आणि टोकाला कुलूप लावलं. गाडीचं मंदावणं ०.२२ असतं, तर कुलूप सरळ रेषेपासून दोन सेंटिमीटरहून थोडं जास्त पुढे झुकलं असतं. ते डब्याच्या थरथरीने सेंटिमीटरभर इकडेतिकडे झुलत होतं, पण झुलण्याचा मध्य तिने मधल्या एका स्थानकावर गाडी उभी असताना केलेल्या खुणेवरच होता. निदान अर्ध्या सेंटिमीटरच्या आत तरी.

दोन्ही साक्षी जुळल्या. गाडी निर्दोष ठरली.

इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आली आणि ती मला फार आवडली. गाडी मंदावत असेल, तर चेंडूचा ठसा आणि ओळंब्याचा झुकाव यांचं गुणोत्तर ठरलेलं असतं. चेंडू जितका वर जातो तितक्याच लांबीचा ओळंबा घेतला, तर चेंडू ओळंब्याच्या चौपट सरकतो. वेग काहीही असो आणि त्वरण (थोडं असेल तोवर) कितीही असो, हे चौपट बदलत नाही. म्हणजे चेंडू हा फार हळवा मापक आहे, पण त्याला फेकणारा हातही तितक्याच हळवेपणे नोंदला जातो.

निर्णायक पाऊल: समोरच्या बाकावर जा

हाताची चूक कशी पकडायची यावर बराच वेळ खल झाला. हात बांधून ठेवता येत नाही. दुसऱ्या कुणाला फेकायला लावलं, तर त्याची स्वतःची वेगळी चूक येईल आणि गोंधळ वाढेल.

तोडगा पाचव्याने काढला, आणि तो समोरासमोरच्या बाकांमध्येच दडलेला होता. “तो आता इकडे बसलाय. त्याला समोरच्या बाकावर बसवू. हाताची चूक त्याच्याबरोबर फिरेल. गाडीची चूक फिरणार नाही.”

हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे. हात चेंडूला शरीरापासून दूर लोटत असेल, तर इंजिनाकडे तोंड असताना ठसा इंजिनाकडे जाईल आणि पाठ इंजिनाकडे असताना तो मागच्या डब्याकडे जाईल. गाडी किंवा डब्यातली हवा जबाबदार असेल, तर मात्र फेकणारा कसाही बसो, ठसा इंजिनाकडेच जाईल. एका बैठकीत ही दोन कारणं एकमेकांत मिसळलेली असतात. दोन बैठकींत ती वेगळी होतात.

फुली, कागद, चेंडू आणि फेकणारा तेच. फक्त बाक बदलला. पुन्हा दहा फेकी. सरासरी निघाली ५ सेंटिमीटर मागे, म्हणजे फेकणाऱ्याच्या दृष्टीने पुन्हा त्याच्या पुढेच.

हिशेब साधा होता. सात पुढे आणि पाच मागे. दोघांच्या आकारांची सरासरी ६ सेंटिमीटर, हा हाताचा वाटा. दोघांमधल्या फरकाचा निम्मा १ सेंटिमीटर, हा गाडीच्या दिशेशी बांधलेला वाटा. एकेक ठसा आपल्या सरासरीपासून साधारण चार सेंटिमीटर इकडेतिकडे होता. अशा वीस फेकींवरून काढलेल्या त्या एका सेंटिमीटरला स्वतःचीच जवळजवळ एक सेंटिमीटरची अनिश्चितता आहे. शून्याहून तो वेगळा आहे असं म्हणायला जागा नव्हती.

हाताचे सहा सेंटिमीटर आले कुठून, हे व्हिडिओ हळू चालवल्यावर दिसलं. बसून चेंडू उडवताना हात कोपरात फिरतो, त्यामुळे तळहात सरळ रेषेत नव्हे, तर कमानीत वर जातो. कोपरापासून पुढचा हात आडवा असतो त्या क्षणी तळहाताचा वेग बरोबर उभा असतो. हा मुलगा चेंडू त्याच्या जरा आधी सोडत होता, हात आडव्याच्या खाली असताना. त्या वेळी तळहात वर जाता जाता किंचित पुढेही जात असतो. किती पुढे? ०.८ सेकंदात ६ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला साडेसात सेंटिमीटर. चेंडूचा वर जाण्याचा वेग सेकंदाला चार मीटरच्या आसपास. या दोघांवरून फेकीचा कल निघतो एक अंशाहून किंचित जास्त. कुणाच्याही डोळ्याला एक अंश दिसत नाही. फेकणारा शपथेवर सांगत होता की तो सरळ वर फेकतोय, आणि त्याच्या परीने ते खरंच होतं.

अनपेक्षित भर: ब्रेक लागले तेव्हा

मुलं कागद काढायच्या बेतात असताना गाडी मंदावू लागली. ओळंबा धरणारी ओरडली, “कुलूप पुढे आलंय!” फेकणाऱ्याने इंजिनाकडे तोंड करून घाईघाईने सहा फेकी केल्या. साधारण तीस सेकंदांत वेग ९० वरून ५७ वर आला. त्यावरून मंदावण्याचा दर निघतो सेकंदाला ०.३ मीटर प्रतिसेकंद. ओळंबा तीन सेंटिमीटर पुढे झुकून राहिला होता, तोही हाच दर सांगत होता. या दराने ०.८ सेकंदात चेंडू साडेनऊ सेंटिमीटर पुढे पडायला हवा. त्यात हाताचे सहा मिळवले, तर साडेपंधरा. ठशांची सरासरी आली १५.

मला विचाराल तर प्रयोगातला सर्वांत समाधानाचा भाग हाच. पहिल्या दोन बैठकींनी ‘फरक नाही’ असं दाखवलं होतं, पण फरक नसणं आणि फरक पकडता न येणं हे वेगळं कसं ओळखायचं? ब्रेकच्या सहा फेकींनी ते दाखवून दिलं. ओला चेंडू आणि वर्तमानपत्र हे साधन खरा परिणाम असला की तो पकडतं. म्हणून स्थिर वेगात त्याने दिलेल्या शून्याला किंमत आहे.

पाचवा तेव्हा म्हणाला, “म्हणजे मी विचारत होतो ते उलटं होतं. चेंडूला पुढे कोण नेतं हे नाही विचारायचं. गाडीला मागे कोण ओढतंय हे विचारायचं.” ब्रेक गाडीला मागे ओढत होते आणि चेंडूला कुणीच ओढत नव्हतं. गाडी जेव्हा स्थिर वेगाने जात होती, तेव्हा ना गाडीचा वेग बदलत होता ना चेंडूचा. म्हणून दोघांची ताटातूट होत नव्हती.

वळणावरच्या फेकी आम्ही मोजल्या नाहीत. मधे एका ठिकाणी ठसे खिडकीच्या बाजूला सरकू लागले, तेव्हा बाहेर पाहिल्यावर मार्ग वळत असल्याचं दिसलं. तिथे फोनवरचा आकडा स्थिर होता, तरी दिशा बदलत असल्याने वेग एकसमान नव्हता. त्या तीन फेकी वहीत आहेत, त्यांच्यापुढे ‘वळण’ असं लिहिलं आहे आणि सरासरीत त्या धरलेल्या नाहीत. वगळण्याचं कारण ठसा आवडला नाही हे नव्हतं, मार्ग दिसला हे होतं. पण ठसे सरकल्यानंतर आम्ही बाहेर पाहिलं, आधी नाही, ही त्रुटी राहिलीच. कुणीतरी सतत खिडकीबाहेर लक्ष ठेवून ‘सरळ’ किंवा ‘वळण’ हे फेकीच्या आधी सांगायला हवं होतं.

आता पुन्हा केलं तर

दोन बैठकी एकापाठोपाठ न घेता एकाआड एक घेईन: एक फेक या बाकावरून, एक त्या बाकावरून. आमच्या पहिल्या दहा फेकींनंतर दुसऱ्या दहा सुरू होईपर्यंत तपासणी आणि चर्चेत जवळपास अर्धा तास गेला. तेवढ्यात फेकणाऱ्याचा हात दमला किंवा सरावला असेल, तर दोन्ही बैठकींतली चूक सारखी होती हे गृहीतकच डळमळतं. सारखा बाक बदलण्याचा कंटाळा येईल, पण त्याला इलाज नाही.

ओळंब्याची नोंद प्रत्येक फेकीबरोबर घेईन. आम्ही ती शंका आल्यावर, मागाहून घेतली. पहिल्या दहा फेकींच्या वेळी ओळंबा टांगलेलाच नव्हता. तेव्हा गाडी निर्दोष होती हे आम्ही फोनवरच्या आकड्यावरून आणि नंतरच्या ओळंब्यावरून ठरवलं.

आणि ठसे मोजणाऱ्याला फेकणारा कोणत्या बाकावर होता हे कळू देणार नाही. ओल्या ठशाची कडा धूसर असते. तिचा मध्य ठरवताना अर्धा सेंटिमीटर इकडे की तिकडे हे मोजणाऱ्याच्या मनावर असतं, आणि आमच्या नोंदी ठेवणारीला दुसऱ्या बैठकीत काय उत्तर यायला हवं हे माहीत होतं.

उरलेल्या एका सेंटिमीटरबद्दल मुलं अजूनही विचारतात. त्याची अनिश्चितता त्याच्याएवढीच आहे हे त्यांना पटलेलं आहे, पण चढ-उताराची शक्यता नोंदी ठेवणारीने नंतर काढली आणि ती बरोबर आहे. दोनशे मीटरला एक मीटर इतक्या उतारावर गाडी अगदी स्थिर वेगाने जात असली, तरी डब्याची जमीन किंचित पुढे कललेली असते. अशा डब्यात जमिनीला काटकोनात फेकलेला चेंडू दीड सेंटिमीटरहून थोडा जास्त पुढे पडतो. ओळंब्याच्या दिशेने फेकलेला मात्र पडत नाही. म्हणजे ‘सरळ वर’ ही दिशा डब्याने नव्हे, ओळंब्याने ठरवायची. असा उतार ओळंब्यात अर्धाच सेंटिमीटर दिसला असता, आणि आमचं वाचन तेवढंच अचूक होतं.

ही शंका आणखी फेकींनी मिटेल का, याचा हिशेब तिने वहीच्या शेवटच्या पानावर मांडला आहे. वीस फेकींना एक सेंटिमीटरची अनिश्चितता. फेकी चौपट केल्या की ती निम्मी होते. ती एक मिलिमीटरवर आणायची तर शंभरपट, म्हणजे दोन हजार फेकी, आणि तेवढा वेळ रूळ सरळ, मार्ग सपाट आणि वेग स्थिर राहायला हवा. त्याखाली तिने लिहिलंय: त्यापेक्षा लांब दोरा बांधू.